एसडी सरासरीपेक्षा मोठा आला: वॉर्डचे दिवस, बाळांची वजनं आणि नॉर्मल कर्व्ह

प्रश्न: बी.एस्सी. नर्सिंगला आहे. प्रोजेक्टसाठी जिल्हा इस्पितळातल्या मेडिकल वॉर्डमधले तापाचे ११ पेशंट घेतले. प्रत्येक जण किती दिवस अ‍ॅडमिट होता ते असं: ४, ३, ५, २, ३, ६, ४, २७, ३, ५, ४. मीन ६ आला, एसडी ७.१. गाईड मॅडम म्हणाल्या, "हे मीन-एसडी असंच लिहू नको." का ते कळलं नाही. दुसरा तक्ता २०० नवजात बाळांच्या वजनांचा आहे, मीन २.८ किलो, एसडी ०.४. त्याला त्यांनी काही हरकत घेतली नाही. ६८-९५-९९.७ चा नियम नक्की कुठे लावायचा?

उत्तर:

गणित बरोबर आहे. मीन म्हणजे सरासरी, आणि एसडी म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशन, आकडे मीनपासून साधारण किती लांब पसरले त्याचं माप. अडचण आहे ती "६ ± ७.१" असं लिहिल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं त्याची. त्याला वाटतं, बहुतेक पेशंट ६ दिवसांच्या आसपास राहिले आणि दोन्ही बाजूंना सारखेच पसरले. मग तो ६ मधून ७.१ वजा करतो आणि उत्तर येतं उणे १.१ दिवस. अ‍ॅडमिट होण्याच्या एक दिवस आधीच घरी गेलेला पेशंट कुठल्याच रजिस्टरात सापडणार नाही. हेच आकडे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल कर्व्हमध्ये बसवले, तर सुमारे २० टक्के पेशंट शून्याहून कमी दिवस राहिले असं निघतं, म्हणजे तुमच्या ११ पैकी २.

इथून एक झटपट तपासणी मिळते. वॉर्डचे दिवस, वजन, सीआरपी, वेटिंगची मिनिटं अशा ज्या गोष्टी शून्याखाली जाऊ शकत नाहीत, त्यांत एसडी मीनच्या निम्म्याहून मोठा असेल तर तिथे घंटेसारखा सारखा आकार नाही असं धरा. कारण साधं आहे: मीनमधून दोन एसडी वजा केले की आकडा शून्याखाली जातो. ही तपासणी एकाच बाजूने चालते, हे मात्र ध्यानात ठेवा. एसडी लहान आहे म्हणून आकार नॉर्मलच असेल, असं काही नाही.

आता आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. हे काम मीन काढण्याच्या आधीच करायचं असतं, आणि नेमकं तेच बहुतेक जण गाळतात.

२, ३, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, २७

ग्राफ पेपरवर १ ते ३० अशी आडवी रेघ घ्या आणि प्रत्येक पेशंटसाठी त्या आकड्यावर एक फुली मारा. दहा फुल्या २ ते ६ मध्ये दाटीने येतात आणि एक पार उजवीकडे एकटी पडते. ६ या मीनच्या जागी फक्त एकच फुली आहे आणि ११ पैकी ९ पेशंट त्याच्याही खाली आहेत. म्हणजे "सरासरी पेशंट ६ दिवस राहतो" हे वाक्य ज्याला लागू पडतं असा पेशंट या वॉर्डात जवळजवळ नाहीच.

मिडियन, म्हणजे शाळेत शिकलेला मध्यक, हा रांगेतला मधला आकडा. अकरा जणांत तो सहावा, म्हणजे ४ दिवस. पेशंटांची संख्या सम असती, तर मधल्या दोघांची सरासरी घेतली असती. मोड, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, इथे दोन आहेत: ३ आणि ४, दोन्ही तीन-तीन वेळा. इतक्या थोड्या पेशंटांत मोडला फारसा अर्थ नसतो. एका पेशंटने तो बदलतो, म्हणून तो लिहिला नाही तरी चालेल.

एसडी ७.१ एवढा का फुगला, ते हाताने एकदा काढल्याशिवाय पटत नाही. प्रत्येक आकड्यातून मीन ६ वजा करा आणि आलेल्या फरकाचा वर्ग करा. २ दिवसांच्या पेशंटचा वर्ग १६. ३ दिवसांच्या तिघांचे ९ प्रमाणे २७. ४ दिवसांच्या तिघांचे ४ प्रमाणे १२. ५ दिवसांच्या दोघांचे मिळून २. ६ वाल्याचा शून्य. आणि २७ वाल्याचा फरक २१, त्याचा वर्ग ४४१. सगळी बेरीज ४९८. तिला ११ ने नव्हे, १० ने भागा: ४९.८. याचं वर्गमूळ ७.०६.

आता ४९८ मधले ४४१ कोणाचे ते पाहा. पसाऱ्याचा नऊ-दशांश भाग एका माणसाचा आहे. वर्ग केल्यामुळे लांबचा आकडा नुसता लांब राहत नाही, कैक पटींनी जड होतो. तो एक पेशंट बाजूला ठेवून पाहिलं, तर मीन ३.९ आणि एसडी १.२ येतो. मिडियन मात्र तो असला तरी ४ आणि नसला तरी ४.

१० ने का भागलं? हे ११ पेशंट नमुना आहेत, वॉर्डातले सगळे पेशंट नव्हेत. मीनही याच ११ आकड्यांतून काढलेला असल्याने फरक थोडे कमी भरतात, आणि एकाने कमी भागून ती तूट भरून काढतात. एक्सेलमध्ये यासाठी `STDEV.S` वापरायचं. `STDEV.P` वापरलं तर उत्तर ६.७३ येईल. एकाच प्रोजेक्टमध्ये दोघी मैत्रिणींचे एसडी वेगळे आले, तर आधी हेच तपासा.

```
=AVERAGE(A1:A11)
=MEDIAN(A1:A11)
=STDEV.S(A1:A11)
=QUARTILE.INC(A1:A11,1)
=QUARTILE.INC(A1:A11,3)
```

शेवटच्या दोन ओळी चतुर्थक देतात. हाताने काढायचं तर मधला सहावा आकडा बाजूला ठेवा. खालच्या पाचांचा मधला ३, वरच्या पाचांचा मधला ५. म्हणजे मधले निम्मे पेशंट ३ ते ५ दिवस राहिले, आणि इंटरक्वार्टाइल रेंज २ दिवस. काही आकड्यांत पुस्तकी रीत आणि एक्सेल यांच्या उत्तरात किंचित फरक पडतो, कारण चतुर्थक काढायच्या रीती एकाहून अधिक आहेत. तुमच्या आकड्यांत दोन्ही सारखेच येतात. रेंज, म्हणजे सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान, २५ दिवस. ती फक्त टोकाच्या दोन पेशंटांविषयी बोलते, म्हणून एकटी देऊ नका.

आता तो २७ दिवसांचा पेशंट. त्याला गाळून टाकायचा मोह होतो, कारण तो गेला की तक्ता देखणा दिसतो. आधी केस पेपर काढा. अ‍ॅडमिशनची आणि डिस्चार्जची तारीख पाहा. ७ च्या जागी २७ उतरलं गेलं का? महिना बदलताना मोजणी चुकली का? अ‍ॅडमिशन आणि डिस्चार्ज हे दोन्ही दिवस मोजलेत की एकच? हा नियम सगळ्या पेशंटांना सारखा लावला आहे ना? आकडा खरा निघाला, तर तो ठेवायचाच. तापाने आलेल्या माणसाची किडनी बिघडून डायलिसिस लागलं असेल, तर ते २७ दिवस खरेच आहेत आणि वॉर्डाने ते सोसलेही आहेत.

उलट बाजूची चूक सहज दिसत नाही. जिल्हा इस्पितळातून प्रकृती बिघडलेला पेशंट दुसऱ्या दिवशी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवला जातो, आणि तुमच्या रजिस्टरात तो "२ दिवस" म्हणून उतरतो. तो बरा होऊन दोन दिवसांत घरी गेलेला नाही. त्याचा मुक्काम दुसरीकडे चालूच आहे. चवथीच्या तोंडावर सल्ला डावलून घरी गेलेल्या पेशंटचंही तेच. अशांना बऱ्या होऊन गेलेल्यांत मिसळलंत, तर मीन आणि मिडियन दोन्ही खाली ओढले जातील आणि कुठलंही सूत्र ते सांगणार नाही. तक्त्यात "डिस्चार्ज कसा झाला" असा रकाना हवा, आणि रेफर केलेल्यांची संख्या वेगळी लिहायला हवी.

मग प्रोजेक्टमध्ये काय लिहायचं? असं: "वॉर्डमधील मुक्कामाचा मिडियन ४ दिवस (चतुर्थक ३ ते ५, किमान २, कमाल २७), पेशंट ११." याने वाचणाऱ्याला मधोमध काय आहे तेही कळतं आणि एक जण फार लांब राहिला तेही.

तरीही "आकार एकीकडे झुकलेला असला की मीन बाद" असं पाठ करून ठेवू नका. प्रश्न काय आहे यावर ते ठरतं. पेशंटचा भाऊ विचारतो, "सिस्टर, साधारण किती दिवस लागतील?" त्याला मिडियन उपयोगी: बहुतेकांना ३ ते ५. पण वॉर्ड इन्चार्जला खाटा, सलाईन आणि ड्युटीचा हिशेब करायचा असतो. ११ पेशंटांनी एकूण ६६ खाट-दिवस वापरले. मीन ६ गुणिले ११ म्हणजे नेमके ६६. मिडियन ४ धरून हिशेब केला, तर ४४ येतात आणि २२ खाट-दिवस कमी पडतात. एकूण खर्च आणि एकूण साठा जिथे मोजायचा, तिथे मीनच लागतो, आकार कसाही असो.

आता बाळांच्या वजनांकडे. मीन २.८ आणि एसडी ०.४. वरची तपासणी लावली तर एसडी मीनचा सातवा भाग आहे, शून्याखाली जाण्याचा प्रश्न नाही. तेवढ्यावर थांबू नका. २०० वजनांचा हिस्टोग्राम काढा, दर २०० ग्रॅमला एक पट्टी. मधे उंच, दोन्हीकडे हळूहळू उतरता, आणि मीन व मिडियन जवळजवळ एकच, असं दिसलं तर ६८-९५-९९.७ चा नियम चालेल. तो वाचायचा असा: मीनच्या एक एसडी आत, म्हणजे २.४ ते ३.२ किलोमध्ये, सुमारे ६८ टक्के बाळं. दोन एसडी आत, २.० ते ३.६ मध्ये, सुमारे ९५ टक्के. तीन एसडी आत, १.६ ते ४.० मध्ये, ९९.७ टक्के. उरलेल्या ५ टक्क्यांचे दोन भाग करायला विसरू नका. २.० किलोखाली ५ टक्के नव्हे, साधारण अडीच टक्केच बाळं येतात, आणि तेवढीच ३.६ च्या वर. परीक्षेत हमखास चुकतं ते इथे.

वॉर्डाचे मुक्कामाचे आकडे याच नियमाला घासून पाहा. एक एसडीच्या आत, उणे १.१ ते १३.१ मध्ये, ११ पैकी १० पेशंट आले. ६८ टक्के असायला हवेत, निघाले ९१. नियम चुकीचा नाही, तो या आकाराचा नव्हे.

आता अडीच किलोची रेघ. २.५ किलोपेक्षा कमी म्हणजे कमी वजनाचं बाळ, ही जागतिक आरोग्य संघटनेची ठरवलेली रेघ आहे, तुमच्या एसडीतून आलेली नाही. तुमचा मीन कितीही असो, ती हलत नाही. तुमच्या कर्व्हवर ती कुठे पडते ते झेड स्कोअर सांगतो:

```
z = (2.5 - 2.8) / 0.4 = -0.75
```

म्हणजे ही रेघ मीनच्या पाऊण एसडी खाली आहे. झेडच्या तक्त्यात उणे ०.७५ च्या डावीकडे ०.२२६६ मिळतात, म्हणजे सुमारे २३ टक्के, २०० पैकी ४५ बाळं. एक्सेलमध्ये `=NORM.DIST(2.5,2.8,0.4,TRUE)` लिहिलं तरी हाच आकडा येतो. काही पुस्तकांतला तक्ता शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतो. तिथे ०.२७३४ दिसेल, ते ०.५ मधून वजा करा. तक्त्याच्या वरचं छोटं चित्र कुठला भाग छायांकित आहे ते दाखवतं, ते आधी बघा.

मग रजिस्टरातली खरी कमी वजनाची बाळं मोजा. ती ४५ च्या बरीच खाली आली, तर खूश होण्याआधी वजनं कशी लिहिली आहेत ते पाहा. वजन १०० ग्रॅमपर्यंतच लिहिलं असेल, तर २.४६ किलोचं बाळ "२.५" म्हणून उतरतं आणि कमी वजनाच्या यादीतून सुटतं. मग रेघ खरं म्हणजे २.४५ वर पडते, आणि याच कर्व्हवर ४५ च्या जागी ३८ बाळं मोजली जातात. वजनकाट्याने फसवलेलं नसतानाही सात बाळं हरवली. त्यात "अडीच" हा तोंडात बसलेला आकडा. या मीन-एसडीला "२.५" लिहिलेली १५ आणि "२.४" लिहिलेली १२ अशी बाळं अपेक्षित आहेत. रजिस्टरात ती ३५ आणि ४ दिसली, तर हिस्टोग्रामवर अडीचच्या जागी एक बेढब खांब उभा राहील. तो खांब बाळांचा नाही, लिहिणाऱ्यांचा आहे. बीपीच्या आकड्यांत शून्याने संपणाऱ्यांची जी गर्दी दिसते, तीही याच जातीची.

डावं टोकही तपासा. १.६ किलोखाली नॉर्मल कर्व्हप्रमाणे हजारात एखादंच बाळ यायला हवं, म्हणजे २०० मध्ये बहुधा एकही नाही. प्रत्यक्षात तुमच्याकडे तीन-चार असतील, तर ती आकडेमोडीची चूक नव्हे. ती बहुधा दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं आहेत. जन्मवजनाचा आकार मधल्या भागात घंटेसारखा असतो, पण दिवसांआधीच्या बाळांमुळे डावीकडचं शेपूट कर्व्हपेक्षा जाड असतं. म्हणून मधल्या भागासाठी नियम वापरा, टोकाला प्रत्यक्ष मोजणी करा. पूर्ण दिवसांची आणि आधीची बाळं वेगळी केली तर आणखी चांगलं.

एसडीच्या शेजारी दुसरा आकडा घोटाळा घालतो, तो स्टँडर्ड एरर. एसडीला पेशंटसंख्येच्या वर्गमुळाने भागलं की तो मिळतो: ०.४ भागिले २०० चं वर्गमूळ, म्हणजे ०.०२८. मीनच्या दोन्हीकडे दोन-दोन स्टँडर्ड एरर घेतले की २.७४ ते २.८६ अशी पट्टी निघते. "९५ टक्के बाळांचं वजन २.७४ ते २.८६ च्या मधे" असं वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहिलेलं आढळतं, आणि ते साफ चूक आहे. ही पट्टी मीन किती पक्का कळला आहे ते सांगते, बाळं कुठे आहेत ते नाही. बाळांची पट्टी २.० ते ३.६. नमुना वाढवला की स्टँडर्ड एरर आकसतो. एसडी आकसत नाही, कारण जास्त बाळं मोजली म्हणून बाळं एकमेकांसारखी होत नाहीत. दुसऱ्याच्या तक्त्यात ± नंतरचा आकडा संशयास्पद वाटावा इतका लहान असेल, तर तो एसडी आहे की स्टँडर्ड एरर ते तळटीपेत शोधा.

कम्युनिटी पोस्टिंगला वाळपई, पेडणे, कुठेही गेलात तरी अंगणवाडीत वाढीचा आलेख हाती येईलच. त्यावरच्या रेघा याच भाषेत आहेत: मिडियन, उणे २ एसडी, उणे ३ एसडी. वयाच्या मानाने वजन उणे २ च्या खाली म्हणजे कमी वजन, उणे ३ च्या खाली म्हणजे तीव्र कमी वजन. मधली रेघ मीन म्हणून नव्हे, मिडियन म्हणून दिलेली आहे, आणि त्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत १२ महिन्यांच्या मुलग्याचं मिडियन वजन ९.६ किलो, उणे २ ची रेघ ७.७ आणि अधिक २ ची १२.० वर. म्हणजे खाली १.९ किलोचं अंतर, वर २.४ किलोचं. मुलांची वजनं वरच्या बाजूला जास्त लांब पसरतात, म्हणून तिथे दोन्हीकडे सारखा एसडी धरलेला नाही. आकार सरळ करणारं गणित आधी करून मग रेघा आखल्या आहेत. त्यामुळे तिथे वजन वजा मिडियन, भागिले एसडी असं स्वतः मांडायला जाऊ नका. मुलगा की मुलगी ते पाहून योग्य आलेख घ्या, वय पूर्ण झालेल्या महिन्यांत काढा आणि ठिपका कुठल्या दोन रेघांच्या मधे पडतो ते वाचा. ७.५ किलोचा वर्षाचा मुलगा उणे २ आणि उणे ३ च्या मधे येतो. ६.८ चा उणे ३ च्या खाली जातो, कारण ती रेघ ६.९ वर आहे. शंभर ग्रॅमने वर्ग बदलणार असेल, तर बाळाचे जाड कपडे काढून, काटा शून्यावर आणून पुन्हा वजन करा.